पडदे माझे, घर कुणाचं

घर मी ओळखलं ते पडद्यांवरून.

वन्संनं मोबाइल माझ्यापुढे धरला तेव्हा माझ्या ओठांत चार टाचण्या होत्या आणि मांडीवर कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीचं सात मीटर कापड. "वहिनी, हे बघ गं जरा," ती म्हणाली. भाड्याच्या घराची जाहिरात होती. दोन खोल्या, तिसरा मजला, पूर्वेची खिडकी. आणि खिडकीला शेवाळी पडदे.

मी टाचण्या काढून ठेवल्या. फोटो दोन बोटांनी मोठा केला. डाव्या पडद्याच्या खालच्या दुमडीला चार बोटांची पट्टी जोडलेली दिसली, त्याच रंगाची, पण वेगळ्या ताग्यातली, एक छटा फिकी. ती पट्टी माझ्या हातची. दोन वर्षांपूर्वी त्या खिडकीचं माप घेताना मी चार बोटं चुकले होते, कापड पुरलं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या लक्षात आलं नाही, मी सांगितलं नाही. जगात दुसऱ्या कुणाला ती पट्टी दिसणार नाही. मला अंधारातही दिसेल.

"अगं, हे माझे पडदे!" मी म्हणाले. "या घरात मी जाऊन आलेय. शिडीवर चढून हा रॉड मी बसवलाय."

वन्संचा चेहरा असा उजळला की आता आठवलं तरी मान खाली जाते.

वन्सं म्हणजे माझी नणंद, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं, तिला वन्सं म्हणायचं, अहो-जाहो करायचं. ती तेव्हा दोन वेण्यांत शाळेत जायची. वर्षभरात अहो गळून पडलं आणि वन्सं तेवढं राहिलं, लाडाच्या नावासारखं. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, भिंगं बदलायची, "आता कसं दिसतंय? आणि आता?" असं विचारत राहायचं. फार नीट काम करते. कुणाच्या नजरेवर एकदम विश्वास ठेवायचा नाही, दोनदा तपासायचं, ही तिची सवय.

आठ महिन्यांपूर्वी ती नवऱ्याचं घर सोडून एका बॅगेनिशी आमच्याकडे आली. "पंधरा दिवस राहते, वहिनी," म्हणाली. मी तिला मिठीत घेतलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. आमच्या दोन खोल्या. आतल्या खोलीच्या खिडकीशी माझं मशीन असायचं. तिथे तिची खाट लागली आणि मशीन आलं स्वयंपाकघर आणि न्हाणीघराच्या मधल्या बोळात, दिव्याखाली. गडद कापडावर गडद दोरा घालायचा तर डोळ्यांतून पाणी यायचं. जाणारा-येणारा माझ्या पाठीला घासून जायचा.

सुरुवातीला आम्ही त्याचीसुद्धा मजा केली. मशीनच्या ठेक्यावर वन्संनं ओळी जुळवल्या होत्या:

खिडकी माझ्या खाटेची, उजेड वहिनीच्या सुईचा,
दोघींची चाले ओढाताण, वारा बिचारा कुणाचा?

मी हसून हसून टाका चुकले होते. पण ते दुसऱ्या महिन्यातलं. आठव्या महिन्यात ओळी कुणी जुळवत नव्हतं. मी भांडी जरा जोरात ठेवायला लागले होते. बोलत काहीच नव्हते. भांडीच बोलायची. वन्सं ते ऐकायची आणि दर संध्याकाळी मोबाइलवर घरं शोधायची.

तर त्या दिवशी तिनं लगेच जाहिरातीतल्या नंबरावर फोन लावला. मलाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. पलीकडचा माणूस गोड होता. आपण बोटीवर नोकरीला आहोत म्हणाला, सहा महिने किनाऱ्याला येणं नाही, घर रिकामं ठेवण्यापेक्षा चांगल्या माणसाला द्यावं एवढीच इच्छा. भाडं सांगितलं ते ऐकून आम्ही एकमेकींकडे पाहिलं. त्या भागात तेवढ्यात न्हाणीघरही मिळालं नसतं.

"बघायला कधी येऊ?" वन्संनं विचारलं.

"केव्हाही या ताई, किल्ली वॉचमनकडे आहे. फक्त सोसायटीचा नियम आहे, बाहेरच्या माणसाचा पास काढावा लागतो. त्यासाठी टोकन भरा, अर्ध्या महिन्याचं भाडं. घर नाही आवडलं तर त्याच दिवशी पूर्ण परत. आवडलं तर भाड्यात वळतं."

"घर बघायच्या आधी टोकन?"

"मला काय ताई, तुम्ही रविवारी या नि मग भरा. पण आज आणखी तिघं विचारतायत. उद्या सकाळी घर राहील का, ते मी नाही सांगू शकत."

पाठोपाठ त्यानं ओळखपत्राचा फोटो पाठवला. टोपीतला, गंभीर चेहऱ्याचा माणूस, खाली शिक्का.

वन्संनं फोन ठेवला आणि ती बोळातच माझ्या मशीनपाशी बसून राहिली. मग म्हणाली, "न बघता पैसे कसे द्यायचे गं? मन घेत नाही."

"बघितलंय की मी," मी म्हणाले. "आतून बाहेरून. भिंतींना ओल नाही, नळाला पाणी आहे."

"घराचं नाही म्हणत मी. माणसाचं काय? तू भेटलीयेस याला?"

इथे मी थांबायला हवं होतं. मी त्या घरात भेटले होते एका बाईंना. साठीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, कपाळावर चष्मा सरकवून बोलणाऱ्या. पुरुष कुणी पाहिला नव्हता, पुरुषाच्या चपलाही दाराशी पाहिल्या नव्हत्या. हे सगळं मला त्या क्षणी आठवलं. आठवलं नव्हतं असं मी आजवर एकदाही स्वतःला सांगू शकलेले नाही. आठवलं, आणि त्याच्याही पुढे मला दिसलं माझं मशीन, खिडकीशी.

"हो गं," मी म्हणाले. "ओळखते मी त्यांना. चांगली माणसं आहेत."

वन्संनं मान डोलावली. पैसे पाठवायला मोबाइलवर तो नंबर घातला. आणि पुन्हा थांबली. तिची ती दोनदा तपासायची सवय. "वहिनी, इथे खातेदाराचं नाव वेगळं येतंय. ओळखपत्रावर एक, खात्यावर दुसरंच."

"बायकोच्या नावाचं खातं असेल."

"बाईचं नाव नाहीये."

"मग मेहुण्याचं असेल! बोटीवरचा माणूस, घरचा व्यवहार कुणीतरी बघत असेल ना? किती खोदून विचारशील? अशानं घर मिळायचं नाही तुला जन्मात."

शेवटचं वाक्य मी हसत म्हणाले होते. पण त्याला खालून धार होती, आणि ती तिला लागली. मी पाहिलं. तिनं अंगठा टेकवला. पैसे गेले.

दोन दिवसांनी, गुरुवारी दुपारी, मी एका दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात शिडीवर होते. तोंडात हूक, एका हातात रॉड. खिशातला फोन वाजला. वन्संचा आवाज दुकानातल्या गडबडीतून आला. "वहिनी, ते म्हणतायत पास तयार झाला, पण सोसायटीत नवीन नियम आलाय. एका महिन्याचं भाडं अनामत दिसायला हवं, तरच गेटवर नाव चढतं. दहा मिनिटांत परत पाठवतात म्हणे. काय करू?"

मला रॉड तोलवत नव्हता. खाली दवाखान्याची बाई टेबलावरून वर बघत होती, कधी आटपतंय म्हणून.

"अगं टाक ना," मी हूक दातांत धरूनच म्हणाले. "एवढं दिलंय तर एवढ्यावरून अडून बसू नकोस."

ते दहा मिनिटांत परत येणारे पैसे संध्याकाळपर्यंत आले नाहीत. शुक्रवारी सकाळी त्यानं तिसऱ्यांदा मागितले. आधीची रक्कम अडकलीय, ती सोडवायला आणखी तेवढीच पाठवा, मग सगळी एकदम परत येईल, असं म्हणाला. वन्संनं त्याला उत्तर दिलं नाही. मलाही काही विचारलं नाही. चपला घातल्या, दुकानात फोन करून उशीर होईल म्हणाली, आणि दारात उभी राहून माझ्याकडे पाहत राहिली. मी मशीनवरून उठले. बसमध्ये आम्ही शेजारी बसलो आणि दोघीही खिडकीबाहेर पाहत राहिलो, दोन वेगळ्या खिडक्यांतून बघावं तशा.

वॉचमननं आमचं बोलणं अर्ध्यातच तोडलं. "तिसरा मजला? तुम्हीसुद्धा पैसे भरूनच आलात का?"

मग त्याला आमची दया आली असावी. त्यानं खुर्ची पुढे सरकवली. त्याच्या पाठीमागे भिंतीवर हातानं लिहिलेला कागद चिकटवलेला होता. तिसऱ्या मजल्यावरचं घर भाड्यानं द्यायचं नाही, कुणी पैसे मागितले तर देऊ नयेत. कागदाच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या. म्हणजे बरेच दिवस होता तो तिथे. फक्त टोकन भरायच्या आधी इथवर येऊन वाचायचा होता.

बाईंनीच दार उघडलं. चष्मा कपाळावर. मागे सकाळच्या उन्हात माझे शेवाळी पडदे. "अगंबाई, पडदेवाली!" त्या आनंदानं म्हणाल्या. "किती दिवसांनी! आणि या कोण?"

वन्संनंच सांगितलं, सरळ, कमी शब्दांत, गिऱ्हाइकाचा नंबर सांगावा तसं. बाई ऐकता ऐकता खुर्चीत बसल्या.

"तिसऱ्या आहात तुम्ही," त्या म्हणाल्या. "गेल्या महिन्यात एक नवराबायको सामानाचा टेम्पो घेऊन आले होते. टेम्पो खाली उभा, बायको जिन्यात बसून रडतेय. मी काय सांगू त्यांना? मागल्या वर्षी मुलीकडे जाऊन राहायचा विचार होता, तेव्हा घराची जाहिरात टाकली होती मी. जाणं रद्द झालं. जाहिरात काढायला विसरले. तिथले फोटो कुणीतरी उचलले. मी जाहिरातवाल्यांना कळवते, ते जाहिरात काढतात, चार दिवसांनी दुसऱ्या नावानं पुन्हा उभी. माझ्याच विसरण्यातून झालं हो सगळं."

मला त्यांचा हेवा वाटला. त्यांना आपली चूक चारचौघांत अशी मोकळी सांगता येत होती.

वन्संनं मोबाइल काढला. त्या माणसाचं सगळं संभाषण रागानं पुसून टाकायला तिचा अंगठा चालला होता, तेवढ्यात बाईंनी तिचा हात धरला. "पुसू नका काही! तोच पुरावा आहे. आधी फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन लावा. पैसे जाऊन जितका वेळ कमी, तितकी ते पुढे जायच्या आत अडवायची आशा जास्त. त्या नवराबायकोंनी दोन आठवडे लाजेनं फोन केला नाही. काही हाती लागलं नाही त्यांच्या."

तिथेच, माझ्या पडद्यांखाली बसून वन्संनं फोन लावला. पलीकडून प्रश्न येत होते आणि ती उत्तरं देत होती. कोणती बँक. कधी पाठवले, किती वाजता. व्यवहाराचा क्रमांक. ज्याला पाठवले त्याचा नंबर, खात्यावर दिसलेलं नाव.

"नाव वेगळं दिसत होतं?" पलीकडून विचारलं असावं, कारण वन्सं म्हणाली, "हो. दिसलं होतं मला." आणि मग, "तरी पाठवले."

वहिनीनं सांगितलं म्हणून, असं ती म्हणाली नाही. ती म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

तक्रारीचा क्रमांक मिळाला. मग तिनं बँकेला फोन केला, तिथेही तेच सगळं पुन्हा. संभाषणाचे, पावत्यांचे, त्या ओळखपत्राचे फोटो जपून ठेवायचे, लेखी तक्रार नोंदवायची, हे एका कागदावर उतरवून घेतलं. अक्षर एकसारखं, न हलणारं.

बाई आत जाऊन एक फाइल घेऊन आल्या. "आता घर बघाल तेव्हा लाजू नका. हे बघा. घराच्या खरेदीचा नोंदवलेला कागद. ही यंदाच्या घरपट्टीची पावती. हे विजेचं बिल. तिन्हींवर एकच नाव, आणि तेच नाव माझ्या ओळखपत्रावर. भाडं ज्या खात्यात जाईल त्या खात्यावरही तेच नाव हवं. आणि एवढं सगळं असलं तरी खालच्या सेक्रेटरीला विचारायचं, शेजारच्या दाराची कडी वाजवायची, घर कुणाचं म्हणून. खरा मालक रागावत नाही. रागावला तर रागावू दे. आणि आधी घरात पाय, मग पैशाला हात."

मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाजात काही वाईट नव्हतं, नुसतं नवल होतं. "पण तुम्ही मला एक फोन का नाही केला? माझा नंबर होता की तुमच्याकडे. मापाच्या वहीत लिहून घेतला होता ना?"

होता. माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा असतो. पानाच्या डोक्याशी नाव, नाव नसेल तर खूण, खाली खिडकीची उंची, रुंदी, चुण्या किती, अस्तर हवं की नको, आणि कोपऱ्यात फोन नंबर. ती वही बोळात मशीनच्या खणात पडून होती. वन्सं टोकन भरत होती तेव्हा त्या खणावर माझा गुडघा टेकलेला होता.

वन्संनं माझ्याकडे पाहिलं. भिंगं बदलताना पाहते तशी. आता कसं दिसतंय? आणि आता?

तिला दिसलं.

परतीच्या वाटेत ती दुकानाच्या थांब्यावर उतरून गेली. "येते," एवढंच म्हणाली. घरी आल्यावर मी वही काढली. ते पान सापडलं. अक्षर माझंच. 'शेवाळी, साधी चुणी, डावा चार बोटं कमी.' आणि कोपऱ्यात नंबर, ठळक. मी त्याच्याकडे पाहत बसले. हातातलं कापड तसंच राहिलं. दुपारी दवाखान्याच्या बाईंचा फोन आला, उरलेले पडदे कधी, आणि मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही.

संध्याकाळी आमचे हे घरी आले, म्हणजे वन्संचा मोठा भाऊ, आणि सगळं ऐकून कपाळाला हात लावून बसले. "असल्या चोरांना उलटं टांगलं पाहिजे," म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तू तरी काय करणार? तुझे पडदे बघून तुला वाटलं असणार." मला माफी मिळत होती, आणि ती चुकीच्या गुन्ह्याची होती. मी ती घेऊन गप्प बसले. तेही एक खोटंच झालं.

वन्सं हात धुऊन आली, ताटं मांडायला लागली. मी तिच्यामागे स्वयंपाकघरात गेले.

"मी त्या माणसाला कधी पाहिलं नव्हतं," मी म्हणाले.

"कळलं मला."

"मला आठवलं होतं, घर एका बाईंचं आहे ते. तरी बोलले नाही."

तिनं ताट खाली ठेवलं. "का, वहिनी?"

मी सांगितलं. खिडकीबद्दल, बोळाबद्दल, डोळ्यांतल्या पाण्याबद्दल. सांगताना ते सगळं इतकं लहान वाटायला लागलं की मी मध्येच थांबले. मशीन कुठे ठेवायचं यावरून मी तिचे इतक्या महिन्यांचे जमवलेले पैसे एका परक्याच्या हातात घातले होते.

"तू सांगायचं होतंस," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "खाट इकडे घेऊ, मशीन तिकडे, म्हणायचं होतंस. मी बोळात झोपले असते गं. पैशाचं दुःख आहेच. पण मला बाहेर काढायची इतकी घाई झाली होती तुला, हे मला चोराकडून कळावं लागलं."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो सोडवून घेतला, हळूच, आणि भातावरचं झाकण काढलं.

त्याच आठवड्यात तिनं स्वतः खाट बोळात हलवली आणि मशीन खिडकीशी ढकललं. मी नको नको म्हणत राहिले, तिनं ऐकलं नाही. मी खिडकीशी बसायची, उजेड भरपूर, आणि मागे बोळात ती भिंतीकडे तोंड करून झोपलेली. एकाही पडद्याची चुणी सरळ बसेना.

दुसऱ्या वेळी पाठवलेल्या पैशांतला थोडा भाग कुठल्याशा खात्यात अडवून ठेवल्याचं बँकेनं कळवलं. तो परत मिळायला अर्ज, कागद, आणि किती महिने कोण जाणे. पहिलं टोकन गेलं ते गेलंच. मी माझ्या कमाईतून दर महिन्याला थोडं थोडं देईन म्हणाले. ती नाही म्हणेल असं मला वाटलं होतं, मी तशी आशाच धरली होती. ती म्हणाली, "दे." मग मला कळलं की नाही म्हणणं हे माझ्यावरचं प्रेम झालं असतं, आणि तेवढं उरलं नव्हतं.

चार महिन्यांनी तिला एक घर दिसलं. दुकानापासून चालत दहा मिनिटांवर, एक खोली आणि छोटं स्वयंपाकघर, मालक म्हातारे, औषधाचं दुकान चालवून थकलेले. आमच्या ह्यांना सुट्टी नव्हती म्हणून तिनं मला बरोबर नेलं. जिन्यात म्हणाली, "वहिनी, तू बोलू नकोस हं." मी मान हलवली.

म्हाताऱ्यांनी घर दाखवलं. नळ सोडून दाखवला, खिडकी उघडून दाखवली. मग खुर्चीत बसून म्हणाले, "पोरी, आवडलं असेल तर टोकन देऊन टाक. उद्या आणखी एकजण येतोय."

"कागद बघू का काका?" वन्सं म्हणाली.

त्यांनी विजेचं बिल आणलं. त्यावर बाईचं नाव होतं. "बायकोचं आहे," ते म्हणाले. "गेल्या वर्षी गेली ती. घरपट्टी माझ्या नावावर झालीय, पण पावती मुलाकडे आहे." त्यांचा आवाज जरा कापला. माझ्या जिभेवर आलं, राहू द्या हो काका, विश्वास आहे आमचा. केवढं सोपं होतं ते, आणि केवढं चांगलं वाटलं असतं म्हणून! मी खालचा ओठ दातांखाली धरला.

वन्सं उठली. "काका, वाईट वाटून घेऊ नका. पावती मिळाली की मला फोन करा. मी त्याच दिवशी येते. तोवर त्या दुसऱ्याला दिलंत तरी माझं काही म्हणणं नाही."

ती खाली गेली आणि तळमजल्यावरच्या दाराची कडी वाजवली. कणकेचे हात पुसत एक बाई बाहेर आली. घर कुणाचं, म्हाताऱ्यांना किती वर्षं ओळखता, मुलगा कोण, भाडेकरू आधी कोण होता. वन्संनं सगळं विचारलं आणि ती बाई न कंटाळता सांगत राहिली. मी दोन पायऱ्या वर उभी होते.

रस्त्यावर आल्यावर मी न राहवून विचारलं, "त्यांनी दुसऱ्याला दिलं तर?"

"देऊ दे," वन्सं म्हणाली. चालत राहिली. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर म्हणाली, "त्या दिवशी तुझ्याकडून मला एवढंच हवं होतं. देऊ दे दुसऱ्याला, असं म्हणायला कुणीतरी."

तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्यांचा फोन आला. पावतीवर त्यांचं नाव होतं, ओळखपत्रावर तेच, खात्यावर तेच. करार रीतसर नोंदवून झाला, मग पैसे गेले. महिन्याच्या पहिल्या तारखेला आम्ही तिचं सामान पोचवलं. फार नव्हतंच. खाट, एक कपाट, चष्म्याच्या दुकानातून मिळालेला आरसा. ह्यांनी आरसा ठोकला, मी फरशी पुसली. ती सारखी दाराशी जायची, कुलूप लावून बघायची, उघडून बघायची. तिचं दार. आठ आणि चार, बारा महिने ती या एका दाराची वाट बघत होती.

निघताना ह्यांनी विचारलं, "दुसरी किल्ली दे ना एखादी, असू दे आमच्याकडे. कधी विसरलीस तर?"

"दिली मी," ती म्हणाली. "खालच्या काकूंकडे."

खालच्या काकू म्हणजे ती कणकेच्या हातांची बाई. तिला वन्सं ओळखत होती आठ दिवस.

"बरं केलंस," हे म्हणाले. ह्यांना त्यात काहीच दिसलं नाही. ते जिना उतरायला लागले.

मी उंबऱ्यात रेंगाळले. खिडकीला अजून पडदा नव्हता. नजरेनंच माप घेतलं गेलं, सवयीनं, आणि मी ते तोंडातून बाहेर येऊ दिलं नाही. वन्संनं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. पाहुण्याला निरोप देताना असतं तेवढं सौजन्य होतं.

"वहिनी," ती म्हणाली, "येशील तेव्हा आधी फोन करून ये हं."

"हो," मी म्हणाले. "करेन."

मी बाहेर आले आणि तिनं आतून कडी लावली.